पंचवीस मिनिटांनी बंद होणारा खेळ

मोबाइलवरचा कुठलाही गाजलेला खेळ घ्या. तो बनवणाऱ्यांनी आपलं सगळं कसब एकाच गोष्टीसाठी पणाला लावलेलं असतं, की खेळणाऱ्यानं उठता कामा नये. एक पातळी संपते न संपते तोच पुढची उघडते, फुकटची नाणी मिळतात, उद्या न येणाऱ्याचं काहीतरी हुकतं. ‘एंडेव्हर-आरएक्स’ नावाचा खेळ मात्र दिवसाची साधारण पंचवीस मिनिटं भरली की आपणहून थांबतो. मुलानं कितीही हट्ट केला तरी तो उद्यापर्यंत पुढे सरकत नाही, कारण तो डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून द्यायचा खेळ होता आणि पंचवीस मिनिटं ही त्याची मात्रा होती.

वैद्यक आणि व्हिडिओ गेम हे दोन धंदे एकत्र आणावेत, ही कल्पना आता कॉलेजच्या स्पर्धांमध्येही ऐकू येते. तिची खरी कसोटी लागली ती या खेळाच्या बाबतीत. पंधरा वर्षांत तो प्रयोगशाळेतून दवाखान्यात, तिथून शेअर बाजारात गेला आणि अखेर फार कमी भावात विकला गेला. असं काही करू पाहणाऱ्यानं हा प्रवास नीट समजून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात झाली ती मुलांपासून नाही, आजी-आजोबांपासून. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले मेंदूशास्त्रज्ञ अ‍ॅडम गझाली वयाबरोबर लक्ष का ढळतं, याचा अभ्यास करत होते. त्यांच्या ओळखीत ‘लुकासआर्ट्स’ या गेम बनवणाऱ्या कंपनीतली माणसं होती. त्यांच्या मदतीनं त्यांनी ‘न्यूरोरेसर’ हा खेळ तयार केला. त्यात वळणावळणाच्या रस्त्यावर एक गाडी चालवायची असते. मध्येच पडद्यावर वेगवेगळ्या रंगांच्या आणि आकारांच्या खुणा चमकतात. त्यातली फक्त हिरवी गोल खूण आली की बटण दाबायचं, बाकीच्या सोडून द्यायच्या. गाडी रस्त्याबाहेर जाऊ द्यायची नाही आणि हिरवा गोलही चुकवायचा नाही.

ऐकायला हे पोरखेळ वाटतं. यातली मेख अशी, की दोन्ही कामं जमायला लागली की खेळ हळूच अवघड होतो आणि जमेनाशी झाली की सोपा होतो. त्यामुळे खेळणारा कायम आपल्या कुवतीच्या काठावर राहतो. कंटाळा येण्याइतकं सोपं नाही, हात टेकण्याइतकं अवघडही नाही. गेम बनवणाऱ्यांचं खरं ज्ञान इथं आहे. चित्रं, संगीत, पदकं हा वरचा साज झाला. माणसाला तीच गोष्ट हजार वेळा करायला लावायची आणि हजाराव्या वेळीही ती किंचित नवी वाटली पाहिजे, हे त्यांना जमतं. वैद्यकाला नेमकं तेच जमत नाही.

साठ ते पंच्याऐंशी वयाच्या मंडळींनी महिनाभरात एकूण बारा तास हा खेळ खेळला. एका वेळी दोन कामं करताना त्यांची कामगिरी आधी ६४ टक्क्यांनी ढासळत होती, ती नंतर १६ टक्क्यांनीच ढासळू लागली. हा खेळ पहिल्यांदाच खेळणाऱ्या विशीतल्या तरुणांपेक्षाही ती चांगली ठरली. सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हाही फरक टिकून होता. २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकानं हा अभ्यास मुखपृष्ठावर छापला.

तोवर बॉस्टनमध्ये ‘अकिली’ नावाची कंपनी उभी राहिली होती. तिनं यामागचं तंत्र घेतलं आणि त्यावर रंगीत जग चढवलं. रस्त्याच्या जागी बर्फाच्या आणि लाव्हाच्या नद्या आल्या, गाडीच्या जागी तरंगतं वाहन आलं. टॅबलेट डावी-उजवीकडे कलवून ते हाकायचं आणि ठरलेलं लक्ष्य दिसलं की पडद्यावर टिचकी मारायची. रोग निवडला तो एडीएचडी, म्हणजे मुलाचं लक्ष एका ठिकाणी न टिकण्याचा विकार. ही निवड समजण्यासारखी होती. अशी मुलं पुष्कळ आहेत, त्यांचे पालक हवालदिल असतात आणि आपल्या मुलाला औषध देण्याची धास्ती अनेकांना वाटते.

गेमची कंपनी असती तर इथंच खेळ बाजारात आणून मोकळी झाली असती. पण ‘उपचार’ हा शब्द उच्चारला की वैद्यकाचे नियम लागू होतात. अकिलीनं ते टाळले नाहीत, आणि याबद्दल मला तिचा आदर वाटतो. एडीएचडी असलेल्या ३४८ मुलांवर चार आठवड्यांची चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलं दोन गटांत वाटली. एका गटाला हा खेळ दिला, दुसऱ्याला टॅबलेटवरचाच एक शब्द जुळवण्याचा खेळ. दुसरा गटही पडद्यासमोर तितकाच वेळ बसला, त्याच्याही घरी तितकीच उत्सुकता होती. आठवड्याचे पाच दिवस, रोज पंचवीस मिनिटं, हे वेळापत्रक दोघांनाही सारखं.

मग मोजायचं कसं? त्यासाठी ‘टोव्हा’ नावाची संगणकावरची परीक्षा आहे. ती समजून घेतली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर फिरतं. पडद्यावर एक चौकोन क्षणभर दिसतो, कधी वरच्या बाजूला, कधी खालच्या. वर दिसला तर बटण दाबायचं, खाली दिसला तर दाबायचं नाही. बस्स. हे सुमारे बावीस मिनिटं चालतं. ना गोष्ट, ना गुण, ना शाबासकी. ही परीक्षा मुद्दामच कंटाळवाणी ठेवली आहे. मूल कुठं चुकतं, कुठं उशीर करतं आणि उत्तर द्यायला लागणारा वेळ किती खालीवर होतो, यावरून त्याचं लक्ष किती टिकतं ते ठरवतात.

टोव्हात एंडेव्हर खेळलेली मुलं स्पष्टपणे पुढे गेली, शब्दांच्या खेळाचा गट जवळपास होता तिथंच राहिला. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला. दुष्परिणाम म्हणाल तर काही मुलांची चिडचिड झाली, काहींचं डोकं दुखलं. गंभीर काहीच नाही. या आधारावर १५ जून २०२० रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी या खेळाला परवानगी दिली. उपचार म्हणून मान्यता मिळालेला तो तिथला पहिला व्हिडिओ गेम. जगभर मथळे झळकले.

त्याच चाचणीचा दुसरा भाग मथळ्यांत आला नाही. पालकांना आणि डॉक्टरांनाही विचारलं होतं: घरात, शाळेत मूल कसं वागतंय? सांगितलेलं काम पुरं करतंय का, वस्तू हरवतंय का, मध्येच उठून जातंय का? या उत्तरांत दोन्ही गटांत सुधारणा दिसली, पण दोन गटांमध्ये फरक दिसला नाही. शब्द जुळवत बसलेल्या मुलांचे आईबापही म्हणत होते की थोडं बरं वाटतंय.

म्हणजे संगणकावरची परीक्षा सुधारली, पण गृहपिशवी रोज शाळेत विसरणारं मूल या खेळामुळे ती विसरेनासं झालं, असं चाचणीतून सिद्ध झालं नाही. एफडीएनंही हा खेळ डॉक्टरांचे सल्ले, औषधं आणि शिक्षणातली मदत यांच्या जोडीनं वापरायचा, असं बजावलं होतं.

आता धंद्याकडे येऊ. समजा, डॉक्टरांनी खेळ लिहून दिला. चिठ्ठी औषधविक्रेत्याकडे गेली, घरच्यांना एक कोड मिळाला, अ‍ॅप उघडलं. पैसे कोणी द्यायचे? अमेरिकेत औषधाचे पैसे बहुतेक वेळा विमा कंपनी देते. ही गोळी नाही, रुग्णालयातलं यंत्र नाही आणि डॉक्टरांची भेटही नाही. चिठ्ठीवर दिलेल्या सॉफ्टवेअरसाठी मेडिकेअर या सरकारी विम्याच्या कायद्यात खानाच नव्हता. खासगी विमा कंपन्यांनी हिशेब विचारला. मेथिलफेनिडेटसारखी औषधं कित्येक दशकं वापरात आहेत आणि त्यांचा परिणाम घरात आणि वर्गात दिसतो. तुमच्या खेळानं पालकांच्या उत्तरात काय फरक पडला? या प्रश्नाला कंपनीकडे ठोस उत्तर नव्हतं.

ऑगस्ट २०२२ मध्ये अकिली शेअर बाजारात आली, तेव्हा तिचं मूल्य सुमारे १०० कोटी डॉलर धरलं होतं. त्या वर्षी कंपनीची विक्री झाली सव्वातीन लाख डॉलरच्या आसपास. सप्टेंबर २०२३ मध्ये तिनं चिठ्ठीचा मार्ग सोडायचं ठरवलं आणि सुमारे ४० टक्के लोकांना कामावरून कमी केलं. मोठ्या माणसांसाठी, चिठ्ठीशिवाय, महिन्याच्या वर्गणीवर तिनं दुसरी आवृत्ती काढली. त्या आवृत्तीला जून २०२४ मध्ये एफडीएची परवानगीही मिळाली. पण त्याच सुमारास दुसऱ्या एका कंपनीनं अख्खी अकिली ३ कोटी ४० लाख डॉलरला घ्यायचं ठरवलं. शंभर रुपयांची वस्तू साडेतीन रुपयांना जावी, तसा हा सौदा होता.

विमा हे कारण मोठं, पण माझ्या मते आणखी एक कारण तितकंच खोल होतं. गेमचा धंदा रोजच्या बदलावर जगतो. आज एक पातळी अवघड वाटली, लोक सोडून चालले, तर उद्या ती बदलायची. निम्म्या लोकांना लाल बटण, निम्म्यांना निळं, ज्यात लोक जास्त थांबतात ते ठेवायचं. औषधाचा धंदा न बदलण्यावर जगतो. ज्या रूपात चाचणी झाली त्याच रूपात ते विकायचं. उपचाराच्या गाभ्याला हात लावला की कागदपत्रं आणि पडताळणी पुन्हा. म्हणजे बारा वर्षांच्या मुलाच्या हातात असा खेळ पडणार, जो त्याच्या बाकीच्या खेळांपेक्षा सावकाश बदलतो, पंचवीस मिनिटांत बंद होतो आणि आईच्या सांगण्यावरून खेळावा लागतो. एका धंद्याचा वेग आणि दुसऱ्याची शिस्त यांपैकी काय सोडायचं, हे आधीच ठरवावं लागतं. दोन्ही पूर्ण ठेवू म्हटलं तर खेळही रंगत नाही आणि औषधही पटत नाही.

मग हा संकर कुठं जमेल? मला त्याचं उत्तर माझ्या आत्याच्या फिजिओथेरपीच्या खोलीत सापडलं.

आत्याला पक्षाघात झाला आणि उजवा हात लुळा पडला. आठवड्यातून तीनदा मी तिला घेऊन जायचो. टेबलावर प्लास्टिकचे पेले असायचे. एक उचलायचा, हातभर पुढे नेऊन ठेवायचा, परत आणायचा. एकदा मी नुसता बसून मोजलं. पाऊण तासात आत्यानं पेला सव्वीस वेळा हलवला. बाकीचा वेळ खांदा सैल करण्यात, बोटं ताणण्यात, शेजारच्या रुग्णाकडे मॅडम गेल्या तर वाट पाहण्यात आणि ‘आता नको गं, दमले’ म्हणण्यात गेला.

मला तो आकडा फार कमी वाटला होता. नंतर कळलं, की तो अगदी नेहमीचाच आहे. अमेरिकेतल्या कॅथरीन लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली अशा अनेक खोल्यांत बसून मोजणी केली होती. पक्षाघाताच्या रुग्णांकडून हाताच्या उपयोगी हालचाली एका बैठकीत सरासरी बत्तीसच होतात, असं त्यांना आढळलं. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांत मेंदूनं नव्यानं वाट काढलेली दिसते, तिथं मात्र रोजच्या शेकडो हालचाली करून घेतलेल्या असतात. फरक दहापट आहे. तो अज्ञानामुळे नाही, कंटाळ्यामुळे आणि मनुष्यबळामुळे आहे. आणि कंटाळ्यावर गेमवाल्यांकडे इलाज आहे.

टेबलासमोर साधा कॅमेरा आणि पडदा. हात पुढे नेला की पडद्यावर आंबा तोडला जातो, टोपलीत पडतो. हात लांब जायला लागला की फांदी बोटभर दूर सरकते, दमला की जवळ येते. न्यूरोरेसरमधलीच युक्ती, फक्त गाडीच्या जागी कोपर. पाऊण तासात तीनशे हालचाली होऊ शकतात.

इथंही पुरावा काय म्हणतो ते आधी पाहिलं पाहिजे. जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या ‘कॉक्रेन’ संस्थेनं २०१७ साली पक्षाघातातल्या अशा खेळांचा आढावा घेतला, त्यात ७२ चाचण्या होत्या. हातासाठी नेहमीच्या व्यायामाइतकाच वेळ खेळ दिला, तर तो व्यायामापेक्षा सरस ठरत नाही. नेहमीच्या व्यायामाच्या जोडीला दिला आणि एकूण वेळ वाढला, तर फायदा होऊ शकतो. मला हे वाचून बरं वाटलं, कारण त्यातून धंद्याची मर्यादा स्वच्छ कळते. औषध विकायचं नाही, जादा हालचाली विकायच्या.

आणि पैसे देणारा? आपल्याकडच्या आरोग्य विम्यात मुख्यतः रुग्णालयात भरती झाल्यावरचा खर्च मिळतो. घरी आल्यावरच्या फिजिओथेरपीचे पैसे बहुतेक कुटुंबं स्वतःच देतात. ही परिस्थिती चांगली नाही. पण धंद्याच्या दृष्टीनं पैसे देणारा आधीपासून खोलीत हजर आहे, त्याला नव्यानं शोधायचं नाही.

एक हिशेब मांडून पाहू, आकडे अंदाजाचे. एका बैठकीचे ५०० रुपये धरू. एक फिजिओथेरपिस्ट एकेक रुग्ण घेऊन दिवसाला आठ जण पाहते. प्रत्येकाचा शेवटचा वीस मिनिटांचा सराव मदतनिसाच्या देखरेखीखाली खेळावर झाला, तर तिला बारा जण पाहता येतील. चार रुग्णांचे दिवसाला २००० रुपये वाढले, महिन्याच्या २४ दिवसांचे ४८ हजार. त्यातून मदतनिसाचा पगार गेला तरी खेळाचं १० हजार भाडं तिला जड जाणार नाही. खेळ बनवणाऱ्याला अशी चाळीस केंद्रं मिळाली तर महिन्याला चार लाख येतात. त्यात पाच-सहा माणसांची तुकडी ओढाताणीनं चालेल. दोनशे केंद्रं झाली तर बरा धंदा होईल. शंभर कोटी डॉलरचा मात्र तो होणार नाही, आणि तसं स्वप्न दाखवून पैसा उभा करणाऱ्यानं अकिलीचा आलेख समोर ठेवावा.

कायद्याचं म्हणाल तर भारतात एप्रिल २०२० पासून वैद्यकीय कामासाठीचं सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणांत मोडतं, आणि २०१७ च्या नियमांत धोक्याप्रमाणे उपकरणांचे चार वर्ग केलेले आहेत. पत्रकावर ‘पक्षाघात बरा होतो’ असं लिहायचं की ‘फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सराव’ असं लिहायचं, यावर किती परवाने आणि किती पुरावे लागतील हे बरंचसं अवलंबून राहील. त्यामुळे पत्रक छापण्याआधी या नियमांच्या जाणकाराला गाठावं.

खरा घोळ दुसरीकडेच होतो. पक्षाघातानंतर कोपर सरळ होत नसेल, तर माणूस नकळत कंबरेतून पुढे वाकतो आणि हात वस्तूपर्यंत पोचवतो. आत्याही हेच करायची, आणि मॅडम तिच्या छातीवर हलकेच तळवा टेकवून म्हणायच्या, ‘आजी, पाठ खुर्चीला, हात एकटा जाऊ दे.’ कॅमेरा फक्त मनगट बघत असेल तर त्याला हे वाकणं दिसत नाही. तो आंबा देतो, टाळ्या वाजवतो आणि चुकीची सवय तीनशे वेळा पक्की करून घेतो. रुग्णाचे गुण रोज चढत राहतात, घरात हात होता तसाच राहतो. म्हणून खेळाला खांदे आणि धड दिसलं पाहिजे, आणि पाठ पुढे आली की फांदीनं मागे सरकलं पाहिजे. हे अंगात मुरवायला गेम बनवणाऱ्यानं महिनाभर त्या खोलीत बसायला हवं, आणि मॅडमनीही त्याच्या टेबलाशी बसून एकेक फांदी हलवून पाहायला हवी.

फरक पडतोय का, हे खेळातल्या गुणांवरून कधीच ठरवू नये. टोव्हाचा धडा इथं लागू पडतो. फिजिओथेरपिस्टकडे एक साधी लाकडी पेटी असते, मधोमध फळी लावलेली. एका मिनिटात लाकडाचे छोटे ठोकळे एकेक करून फळीवरून पलीकडच्या कप्प्यात टाकायचे आणि किती पडले ते मोजायचे. सुरुवातीला मोजावेत, सहा आठवड्यांनी पुन्हा मोजावेत. आणि घरातलं एक काम आधीच ठरवावं, रुग्णानं स्वतः निवडलेलं.

आत्याला मॅडमनी विचारलं होतं तेव्हा तिनं क्षणभरही विचार केला नाही. देवघरातली काड्यापेटी, ती म्हणाली. एका हातानं काडी ओढता येत नाही, रोज सुनेला हाक मारावी लागते.